घरून कामाची मागणी: पत्रात भाडं कुठे लिहायचं

मॅनेजरकडे घरून काम मागणाऱ्या तुमच्या पत्राच्या मसुद्याची सुरुवातच घराचं भाडं न परवडण्यापासून झाली आहे, ती बदला. भाड्याची अडचण मॅनेजरच्या हातात नसते, त्यामुळे उत्तर सहानुभूतीचं येतं, मंजुरीचं नाही. कारण लपवू नका. फक्त एका वाक्यात, तिसऱ्या परिच्छेदात ठेवा.

पहिल्याच ओळीत नेमकी मागणी हवी: “मंगळवार ते गुरुवार घरून काम, सोमवारी आणि शुक्रवारी ऑफिस, तीन महिने चाचणी.” मग प्रवासाचा हिशोब. तुमचा एका बाजूचा दीड तास, म्हणजे रोजचे तीन आणि तीन दिवसांचे नऊ तास वाचतील. हे सगळे तास कंपनीला देऊ करू नका, नंतर तेच गृहीत धरले जातात. सकाळी किती वाजता ऑनलाइन असाल आणि समोरासमोरची कामं कोणत्या दिवशी कराल, एवढंच लिहा.

आता खरी गोम. प्रवासखर्च पहिल्या आठवड्यापासून घटतो (मासिक पास असेल तर तोही लगेच नाही), भाडं मात्र घर बदलल्यावरच. म्हणून लेखी मंजुरी येऊन चाचणी संपेपर्यंत घरमालकाला नोटीस देऊ नका. राहण्याच्या ठिकाणानुसार पगार बदलतो का आणि परत बोलावलं तर किती दिवस आधी कळवणार, हे पत्रातच विचारा.