रिकामा राहिलेला रकाना

"वडील जाऊन दोन वर्षं झाली. परवा जन्मदाखला काढला, तर त्यांच्या नावाचा रकाना रिकामा. सांगायला आता ते नाहीत. मी निबंधकांना पत्र लिहिलं तर नाव लागेल का?"

तुमच्या जन्माआधी आईवडिलांचं लग्न झालेलं असेल आणि त्याचा पुरावा असेल, तर राहून गेलेली माहिती म्हणून निबंधक सहसा ती भरू शकतात. लग्न झालेलं नसेल किंवा रकान्यात दुसऱ्याच कुणाचं नाव असेल, तर बहुधा न्यायालयातच जावं लागतं. वडील कोण हा वाद निबंधक मिटवू शकत नाहीत.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं चार पानी पत्र आणलं होतं. वडिलांचं आजारपण, त्यांची माया, सगळं त्यात होतं. वाचताना माझेही डोळे भरून आले. पण रकाना रिकामा का राहिला, हे कुठेच नव्हतं. ते फक्त आईला माहीत होतं, आणि आईला तिनं विचारलंच नव्हतं. विचारलं तर आईवर संशय घेतल्यासारखं होईल, ही भीती.

मी तिला म्हटलं, "नाव का नाही, असं विचारू नकोस. नोंद द्यायला कोण गेलं होतं, एवढंच विचार." पुढच्या भेटीला आई सोबत आली आणि सगळं सहज सांगून गेली. वडील तेव्हा नोकरीसाठी दूर होते. नोंद मावशीनं दिली. मेव्हण्यांचं पूर्ण नाव कसं लिहायचं याची तिला खात्री नव्हती, म्हणून तिनं ते सोडलं. नंतर भरू म्हणता म्हणता राहून गेलं.

मग पत्र एका पानाचं झालं. वर नोंदणी क्रमांक आणि तारीख, खाली मागणी, मग हे कारण. सोबत विवाहाचा दाखला, वडिलांचा मृत्यूदाखला, आई आणि मावशी दोघींची प्रतिज्ञापत्रं आणि शाळाप्रवेशाच्या अर्जाची प्रत. त्या अर्जावर पालक म्हणून वडिलांची सही होती. माझ्या मते हाच कागद सगळ्यांत बोलका, कारण तो वडील हयात असताना, कसलीही गरज नसताना तयार झाला होता. मृत्यूनंतर केलेल्या कागदांना तेवढं वजन येत नाही.

एक अडचण निघाली. विवाहाच्या दाखल्यावर वडिलांचं पूर्ण नाव होतं, मृत्यूदाखल्यावर मधलं नाव गळलेलं. असा फरक आपणहून सांगितला नाही, तर अर्ज परत येऊ शकतो. म्हणून दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, हे पत्रात लिहिलं आणि आईच्या प्रतिज्ञापत्रातही घातलं. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागायचं, हेही ठरवलं. पुढे दाद मागताना तोच कागद लागतो.

मूळ ओळ बऱ्याच ठिकाणी खोडत नाहीत, समासात नोंद करून सही आणि तारीख घालतात. हे मी दोघींना आधीच सांगून ठेवलं. मुलगी जरा हिरमुसली. आईनं विचारलं, "समासात का होईना, त्यांचं नाव पूर्ण लिहितील ना?"

मी पत्रातली मागणीची ओळ तिच्यापुढे धरली. तिथे तिन्ही शब्द लिहिले होते. तिनं ते दोनदा वाचले आणि प्रतिज्ञापत्राचा कागद पुढे ओढला.