सगळ्यात स्वस्त काम आधी आवळू नका

जिनिंगचा हंगाम तोंडावर आला की खान्देशातून येणाऱ्या प्रश्नांत एकच घोळ असतो. काम लवकर संपवायचं आहे, पैसे मोजायची तयारीही आहे, पण पैसे टाकायचे कुठे हे ठेकेदारावर सोडलेलं असतं. या वेळची प्रश्नोत्तरे त्यावरच.

प्रश्न : क्रॅशिंग म्हणजे जास्त मजूर लावणंच ना? (धुळे)

नाही. मजूर हा एक मार्ग झाला. दुसरी पाळी, मोठी क्रेन, तयार माल विकत आणणं हेही मार्गच आहेत. जादा पैसे देऊन कामाची मुदत कमी करणं, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : सर, जिनिंगचं नवं शेड बांधतोय. पाया 14 दिवस, लोखंडी सांगाडा वर्कशॉपमध्ये 18, मग उभारणी आणि पत्रे 8, मशीन बसवणं 6. वीजकाम वेगळं चालतं, 29 दिवस. ठेकेदार म्हणतो, पायाला दिवसामागे फक्त 2,000 जादा द्या, दोन दिवस वाचवतो. सगळ्यात स्वस्त तेच आहे. तिथूनच सुरू करू का? (धरणगाव)

भाऊ, ते 4,000 रुपये पायाच्या खड्ड्यातच जातील. शेड एक दिवसही आधी होणार नाही.

कागदावर मांडून बघा. पाया आणि सांगाडा एकाच वेळी सुरू होतात आणि दोन्ही झाल्याशिवाय उभारणी होत नाही. पायाकडून गेलं तर 14, 8 आणि 6 मिळून 28 दिवस होतात. सांगाड्याकडून गेलं तर 18, 8 आणि 6 मिळून 32. वीजकाम 29. म्हणजे मुदत 32 दिवसांची आणि ती सांगाड्याच्या वाटेने ठरते. हाच तुमचा क्रिटिकल पाथ. पायाला चार दिवसांचा फ्लोट, म्हणजे मोकळीक, आहे. तो बाराव्या दिवशी झाला तरी सांगाडा अठराव्या दिवशीच येणार. तोवर पाया उन्हात वाट बघत बसेल.

आता तुम्ही पाठवलेले दर घेऊ. जादा खर्च भागिले वाचलेले दिवस, असा हिशेब केला तर एक दिवस वाचवायला पायाला 2,000, सांगाड्याला 4,000, वीजकामाला 3,500, उभारणीला 7,000 आणि मशीन बसवायला 12,000 पडतात. दुसरीकडे साइट एक दिवस चालू ठेवायला क्रेनचं भाडं, वॉचमन, सुपरवायझर आणि बँकेचं व्याज धरून तुमचे 9,000 जातात. या 9,000 पेक्षा स्वस्तात दिवस मिळतो तोवरच तो विकत घ्यायचा.

क्रिटिकल पाथवर सगळ्यात स्वस्त आहे सांगाडा. तो तीन दिवसांनी कमी करा, 12,000 लागतील आणि मुदत 29 वर येईल. इथे थांबून या वाटांचं जाळं, म्हणजे नेटवर्क, पुन्हा मांडायचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. 29 वर वीजकामही क्रिटिकल झालं. आता एकटा सांगाडा कमी केला तर काही मिळणार नाही, दोन्ही वाटा एकदम कमी कराव्या लागतील. सांगाडा आणि वीजकाम मिळून एका दिवसाला 7,500. 9,000 च्या आत आहे, घ्या. मुदत 28.

28 वर पायाची वाटही क्रिटिकल होते. पुढच्या दिवसासाठी त्यातल्या त्यात स्वस्त दोन पर्याय उरतात. पाया, सांगाडा आणि वीजकाम तिन्ही मिळून 9,500, किंवा उभारणी आणि वीजकाम मिळून 10,500. दोन्ही 9,000 च्या वर आहेत. इथे थांबायचं. चार दिवसांना 19,500 लागले, साइटचे 36,000 वाचले, हातात 16,500 राहिले. पायाच्या 2,000 ची पाळी आलीच तर 28 च्या खाली, आणि तीही एकट्याने नाही.

ठेकेदाराचा पुढचा आग्रह मला माहीत आहे : "सगळंच फास्ट करून टाकू." तुमच्या दराने सगळी कामं शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणली तर 64,000 लागतात आणि मुदत 25 वर येते. मात्र तेच 25 दिवस 50,000 मध्ये मिळतात. उरलेले 14,000 पायाच्या एका जादा दिवसाला आणि मशीन बसवायच्या घाईला जातात. मशीन बसवणं एक दिवस आधी उरकून उपयोग काय, वीजकाम पंचविसाव्या दिवसाआधी होतच नाही.

एक अट आहे. 9,000 हा आकडा तुमचा आहे. कापसाची आवक सुरू झाल्यावर बंद शेडचं दिवसाचं नुकसान याहून मोठं असेल, तर 27 किंवा 25 दिवसही परवडतील. तो आकडा आपल्या सीएबरोबर बसून काढा, ठेकेदाराला विचारून नव्हे.

प्रश्न : स्लॅब तिसऱ्या दिवशी उघडून देतो, फक्त केमिकलचे जादा पैसे द्या, असं सेंटरिंगवाला म्हणतो. हेही क्रॅशिंगच ना? (भुसावळ)

दादा, पैसे देऊन काँक्रीटचं वय वाढत नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटच्या स्लॅबचे टेकू 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याला 7 दिवस आणि त्याहून मोठ्याला 14 दिवस ठेवायचे. कोरड्या, कडक उन्हात क्युअरिंग ओपीसीला किमान 10 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला 14 दिवस. भुसावळच्या मे महिन्यात यातून सूट मागणाऱ्याने आधी तळव्याने तो स्लॅब तपासावा. लवकर ताकद येणारं मिश्रण वापरता येतं, पण ते डिझाइनमध्ये धरलेलं हवं आणि क्यूबची चाचणी झालेली हवी. पोटलीतून काढून टाकलेल्या केमिकलवर विसंबू नका. तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी येईपर्यंत टेकूला हात लावू देऊ नका. नेटवर्कमध्ये या दिवसांची कमीत कमी मुदत आणि नेहमीची मुदत एकच लिहा.

प्रश्न : पॅनलवाला म्हणतो, चार दिवस आधी देतो, पण एकरकमी 14,000. सरासरी 3,500 च पडते, मग वरचाच हिशेब चालेल ना? (नंदुरबार)

नाही. एकरकमी दरात एक दिवस घेतला तरी 14,000 जातात. वाचलेल्या प्रत्येक दिवसाला सारखाच जादा खर्च येतो असं गृहीत धरलं तरच वरची रीत चालते. दर दिवसागणिक लिहून मागा. तो तयार नसेल तर चारही दिवस घेऊन आणि एकही न घेता, असे दोन वेगळे हिशेब मांडा आणि एकूण खर्चाची तुलना करा. "अर्जंट चार्ज" असं नुसतं बिलात लिहून आलं तर कोणत्या कामाचे किती दिवस, हे विचारल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : यासाठी सॉफ्टवेअर लागतंच का? (चोपडा)

दहा-पंधरा कामांना लागत नाही. ही पद्धत 1957 च्या सुमारास ड्यूपॉन्टचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी मांडली. त्यांना संगणक लागला, कारण त्यांची कामं शेकड्यांत होती.

प्रश्न : काम निम्मं झालंय आणि नऊ दिवस मागे आहे. सुरुवातीचा क्रॅश प्लॅन आता वापरू का? (अमळनेर)

तो बाजूला ठेवा. झालेल्या कामाचे दिवस परत मिळत नाहीत, म्हणून उरलेल्या कामांचंच नेटवर्क आजच्या तारखेपासून नव्याने मांडा. क्रिटिकल पाथ बहुधा बदललेला असेल. दरही पुन्हा मागा. हंगामात वेल्डर आणि क्रेन जुन्या भावात मिळत नाहीत. नऊच्या नऊ दिवस भरून निघतील असं कुणी साइट न बघता सांगत असेल, तर आधी जवळच्या प्लॅनिंग इंजिनिअरला प्रत्यक्ष साइटवर न्या. हे आठवड्याभरात करा. उरलेली कामं कमी झाली की आवळायला जागाच राहत नाही.