हे, ह्या, हा की ही? एकाच स्टेजवर चार पिढ्या

«कोजागिरीच्या कार्यक्रमाचं संचालन माझ्या गळ्यात पडलंय. स्टेजवर ७५ वर्षांचे काका, माझी सख्खी मावशी (गाणार आहे), माझा मित्र (तबला) आणि हार्मोनियमवर दहावीतली मुलगी. शाळा हिंदी मीडियम, मराठी फक्त घरातली. कोणाला ते म्हणायचं, कोणाला तो? सगळ्यांना सरसकट जी लावलं तर चालेल का?»

सरसकट जी लावलं तर कोणी स्टेजवरून उतरवणार नाही, इंदुरात तर नाहीच. पण मराठीत आदर जी मध्ये नसतो, क्रियापदात असतो. "काकाजी आला" म्हटलंस तर जी वाया गेलं, आणि "काका आले" म्हटलंस तर जी ची गरजच नाही. काही लोकांच्या नावाला ते चिकटून बसलंय, देवासच्या कुमार गंधर्वांना अख्खा माळवा कुमारजीच म्हणतो, पण ते त्यांचं नावच झालं म्हण ना.

आपण हिंदीत शिकलेले लोक कुठे फसतो ते आधी सांगते, कारण मी स्वतः फसले आहे. हिंदी संचालनात पाहुण्याकडे हात करून म्हणतात, "आप चालीस साल से पढ़ा रहे हैं", म्हणजे तिसऱ्या माणसाबद्दल बोलतानाही आप. मी पहिल्यांदा माइक धरला तेव्हा तेच मराठीत केलं, प्रेक्षकांकडे तोंड करून "आपण गेली चाळीस वर्षं शिकवत आहात" म्हटलं, आणि पहिल्या रांगेतले एक रिटायर्ड मास्तर हात जोडत उभे राहायला लागले! पाहुणे स्टेजवर, नमस्कार खाली. मराठीत आपण म्हणजे समोरचा माणूस, नाहीतर आपण सगळे ("आपण आता आरती करू"). प्रेक्षकांना कोणाची ओळख करून देताना हे, ह्या, ह्यांनी. "हे चाळीस वर्षं मराठी शिकवत होते, ह्यांच्या हाताखालून आमची अर्धी कॉलनी गेली." आपण फक्त त्यांच्याकडे वळून बोलताना, आणि तेव्हा क्रियापद तुम्हीचंच लागतं: "आपण आलात, आनंद झाला". आपल्याकडे "आपण आले" ऐकू येतं ना, ते "आप आए"चं भूत आहे.

दुसरं भूत बायकांच्या बाबतीत. "दीदी आई हैं" मध्ये आई तशीच राहते आणि आदर हैं मध्ये जातो, म्हणून आपण पटकन "मावशी आली आहेत" म्हणून जातो. मराठीत दोन्ही बदलायला हवं, मावशी आल्या आहेत. आणि पुढे "गाणं शिकवलं" असं वाक्य आलं तर क्रियापद गाण्याच्या मागे जातं, त्यात आदर दिसतच नाही, मग तो नावाच्या शेपटातच दाखवायचा: ताईने नाही, ताईंनी. काकाला नाही, काकांना. हा एक अनुस्वार खाल्लास की मागच्या रांगेतल्या काकूंच्या भुवया वर.

आता तुझी मावशी. घरी तू तिला "मावशी, तू ये" म्हणत असशील, बरोबरच आहे, पण स्टेजवर सुरुवातच "ही माझी मावशी" अशी केलीस तर पुढच्या वाक्यात "ह्यांनी तीस वर्षं गाणं शिकवलं" जमत नाही, ही वरून ह्यांनीवर उडी मारताना जीभ अडखळते आणि लोकांना कळतं. म्हणून आधी पूर्ण नाव आणि ताई लावून ह्या, सगळी माहिती ह्यांनी-ह्यांच्या मध्ये, आणि नातं सांगायचंच असेल तर शेवटी, थोडं हसत, "आणि घरी ही माझी मावशी". तिथे ही गोड वाटते. आईबद्दलही हेच, "माझी आई आली" मध्ये अनादर नाही, पण दुसऱ्याच्या आई नेहमी आल्याच.

कार्डावर श्रीमती लिहिण्याआधी मात्र दहादा विचार कर. हिंदीत श्रीमती म्हणजे लग्न झालेली बाई, पण जुन्या मराठी घरांत त्यासाठी सौ. असतं, आणि श्रीमती ऐकलं की नवरा नाही असा अर्थ काढतात. नवरा पहिल्या रांगेत मसाला दूध पीत बसलेला असला की बघ काय होतं. मी दोन्ही टाळते, नाव आणि ताई. बाईसुद्धा खरं तर मानाचं, अहिल्याबाई म्हणताना कोणाला खटकत नाही, पण हिंदीतल्या बाईच्या अर्थाने आपल्याकडच्या तरुण मुली बिचकतात.

मित्राचं सगळ्यात नाजूक. घरी अरे-तुरे असलं तरी स्टेजवर पस्तिशीचा माणूस प्रेक्षकांसाठी हे. माझा नियम असा की एका वयाच्या, एका कामाच्या लोकांना एकच माप. मित्र म्हणून त्याला "हा आमचा तबलजी" म्हणशील आणि शेजारच्या टाळवाल्याला, ज्याला तू ओळखत नाहीस, "हे", तर मित्राचं वजन तूच कमी केलंस, आणि त्याचे सासरे हॉलमध्ये असले तर संपलंच. हेच पुरुष-बायकांत होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही: पुरुषाला आडनाव आणि ते, त्याच वयाच्या बाईला नुसतं नाव आणि ती. आपलं कार्ड एकदा फक्त ह्यासाठी वाचून बघ.

त्याला स्टेजवर बोलवायचं कसं, "ये" की "या"? तू ज्याला रोज ये म्हणतोस त्याला अचानक "या" म्हटलं की तो स्टेजवरच फिस्स करून हसणार. इथे "यावं" कामाला येतं, "तबल्याच्या साथीला ... यांनी यावं", काकांना चालतं, मित्राला चालतं, कोणाकडे न बघता म्हणता येतं. (बाप्पालासुद्धा आपण "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणतो, मग पुढच्या श्वासात तू, देवाचं चालतं.) आणि सगळ्यांना एकदम बोलवायचं असेल तर अनेकवचन आपसूक येतं, "काका, ताई आणि आपली हार्मोनियमवाली मुलगी येत आहेत", वयाचा प्रश्नच मिटला, फक्त क्रम थोरांपासून लाव.

दहावीतल्या मुलीला ही, हिने, शिकते. तिला "ह्या शिकतात" म्हणू नकोस, मराठीत लहानाला जास्त मान दिला की तो टोमणा वाटतो, "आल्या बाईसाहेब" सारखा. मधल्या विशी-बाविशीच्या मुलांचा घोळ असतो, मी कॉलेजात असेल तर हा-ही आणि नोकरीला लागला असेल तर हे-ह्या करते. पण त्यांचे गुरू स्टेजवर बसलेले असतील तर शिष्य हा-हीच, गुरूंच्या शेजारी शिष्याला हे केलं तर तोच ओशाळतो.

कार्डावर प्रत्येक नावाखाली सर्वनाम पेनाने लिहून ठेव, पाठांतरावर जाऊ नकोस, माइक हातात आला की तोंडातून घरचंच बाहेर पडतं. काकांखाली "हे, ह्यांनी", मावशीखाली "ह्या, ह्यांनी, आल्या", मित्राखाली "हे, यावं", मुलीखाली "ही, हिने". मुलगी घाबरून विंगेतच उभी राहिली तर माइक बाजूला करून "ये गं" म्हण, तेवढं ये चालतं.