वर्षभराची रजा घेतली तर सीट राहते का? डीनकडे अर्ज करणाऱ्यांचे प्रश्न

टर्म सुरू झाली की हेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच उत्तरं देतोय. महाराष्ट्रातली ऑटोनॉमस इंजिनिअरिंग कॉलेजं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, शेवटी तुमच्या कॉलेजची नियमावली बघायची.

सर, अर्ज साध्या कागदावर चालतो का?

कॉलेजचा फॉर्म असेल तर त्यावर, नसेल तर साध्या कागदावर, पण पालकांची सही आणि एचओडींची शिफारस घेऊनच डीनकडे जा.

सेकंड इयर मेकॅनिकलला आहे. सप्टेंबरमध्ये टीबी निघाला, सहा महिने औषधं आहेत. ऑक्टोबर ते ऑक्टोबर अशी एक वर्षाची रजा मागू का?

अजिबात नको, आणि हे नीट वाच. कॉलेजचं वर्ष कॅलेंडरवर नाही, सेमिस्टरवर चालतं. तुझं सेम 3 जुलैच्या आसपास सुरू झालं, ते आता अर्धवट सुटणार, आणि बऱ्याच ठिकाणी सेम 3 चे वर्ग फक्त जुलैच्याच टर्मला असतात. तू पुढच्या ऑक्टोबरला परत आलास तर निम्मी टर्म संपलेली असेल, 75 टक्के हजेरी भरणारच नाही, म्हणजे परत पुढच्या जुलैपर्यंत घरी. एक वर्ष मागितलं आणि दोन गेली! माझ्यासमोर एका मुलाचं अगदी असंच झालंय, अर्जात तारखा होत्या, मंजुरीही त्याच तारखांची मिळाली, टर्मशी ताडून कोणी पाहिलंच नाही. तू अर्जात सरळ लिही की चालू सेम 3 मधून माघार घेतोय, सेम 4 ला बसणार नाही, पुढच्या जुलैत सेम 3 ला नव्याने बसेन आणि तोपर्यंत माझा प्रवेश कायम ठेवावा. या टर्मच्या इंटर्नलचे मार्क बहुतेक धरले जाणार नाहीत, ते मनातून काढून टाक. परत येताना डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागेल. आणि मधल्या काळात सिलॅबस बदलणार आहे का ते आत्ताच अकॅडमिक सेक्शनला विचारून ठेव, नाहीतर आल्यावर जादाचे विषय गळ्यात पडतात.

ओळखीतले एकजण म्हणाले, टीसी काढून ठेव, पुढच्या वर्षी परत लावता येतो. खरंय का?

खोटंय, आणि या एका ऐकीव गोष्टीपायी मुलांच्या सीट जातात म्हणून मला राग येतो. टीसी काढला की प्रवेश रद्द, तिथे रजा वगैरे काही उरत नाही. सीट तुला सीईटीच्या कॅप राउंडमधून मिळालेली, ती कॉलेज आपल्या मर्जीने परत देऊ शकत नाही. थेट सेकंड इयरची प्रक्रिया असते ती डिप्लोमा आणि बीएस्सीवाल्यांसाठी, तुझ्यासाठी नाही. म्हणजे पुन्हा सीईटी, पुन्हा फर्स्ट इयर. बारावीची मार्कशीट किंवा व्हॅलिडिटी कुठे दाखवायला लागली तर तेवढीच लेखी मागून घे, टीसीला हात लावू नको. दुसरं म्हणजे अर्ज दिल्यावर आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच. "सर हो म्हणाले" याला काही किंमत नाही, उद्या डीन बदलले की तू नुसता गैरहजर विद्यार्थी ठरतोस आणि पटावरून नाव जातं. लेखी ऑर्डर हातात घे, त्यात कुठल्या सेमपासून कुठल्या सेमपर्यंत, परत कधी रिपोर्ट करायचं आणि मधल्या काळात फी किती हे असायला हवं. नसेल तर त्याच आठवड्यात परत जाऊन विचार. स्कॉलरशिप असेल तर त्या खिडकीवरही जाऊन ये, गॅपचे नियम प्रत्येक योजनेचे वेगळे असतात.

एकजण चार हजारांत मेडिकल सर्टिफिकेट देतो म्हणतोय, चालेल ना?

नाही. हे लोक तुमच्या घाईवर पैसे कमावतात, आणि पडताळणीत कागद खोटा निघाला तर रजा राहते बाजूला आणि शिस्तभंगाची कारवाई होते. खरा आजार असला की केसपेपर, रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन असतातच, ते जोडा. आजार नसेल, घरची अडचण असेल तर तीच लिहा. डीनना समक्ष भेटून सांगितलं तर त्यावरही विचार होतो.

एनईपीत एक्झिट घेऊन परत येता येतं ना, मग रजा कशाला?

एक्झिट म्हणजे सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन कोर्समधून बाहेर पडणं. क्रेडिट बँकेत तुमची क्रेडिट जास्तीत जास्त 7 वर्षं राहतात, पण क्रेडिट राहिली म्हणून त्या कॉलेजातली सीट राहिली असं होत नाही. परत यायचं नक्की असेल तर रजाच मागा, आणि एक्झिटच्या फॉर्मवर सही करण्याआधी अकॅडमिक सेक्शनशी बोला.

बहीण एमबीबीएसला आहे, तिला असं करता येईल का?

तिथलं गणित वेगळं आहे. 2023 च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या तारखेपासून 9 वर्षांत कोर्स संपवावा लागतो आणि फर्स्ट इयरला चारच अटेम्प्ट मिळतात. रजेचं वर्ष या 9 वर्षांत मोजलं जाणार नाही असं धरू नका. अधिष्ठात्यांना आधी भेटा आणि आरोग्य विद्यापीठाचं म्हणणं लेखी मागवा.

रजेत हॉस्टेलची रूम राहते का?

बहुतेक ठिकाणी नाही. सामान काढा, रेक्टरकडून नो ड्यूज घ्या, परत आल्यावर नव्याने अर्ज करा.