रिलेटेड रेट्समध्ये आकडे कधी टाकायचे

अरे, तुझं टाकीचं गणित बघितलं: उलट्या शंकूच्या टाकीत मिनिटाला २ घनमीटर पाणी पडतंय, आणि पाण्याची उंची h = 4 मीटर असताना ती किती वेगाने वाढतेय ते काढायचंय. तू h = 4 आधीच टाकलंस आणि मग डेरिव्हेटिव्ह घेतलंस, तिथेच गणित फसलं. उंची बदलतेय ना? मग ४ हा आकडा टाकला की ती स्थिर झाली आणि तिचं डेरिव्हेटिव्ह शून्यच येणार.

आधी नीट लिही, काय बदलतंय आणि काय कायम आहे. उलट्या शंकूची उंची ६ मीटर आणि वरची त्रिज्या ३ मीटर, हे कायम. पाण्याची त्रिज्या r आणि उंची h बदलतात, पण समरूप त्रिकोणांमुळे r = h/2 नेहमीच खरं, म्हणून हे आधी वापरायला काहीच हरकत नाही आणि ते का चालतं ते एका ओळीत लिहायचंच, बरेच जण नेमकं तेच गाळतात. मग

V = πh³/12
dV/dt = (πh²/4)·dh/dt

आता h = 4 आणि dV/dt = 2 टाक. 2 = 4π·dh/dt, म्हणजे dh/dt = 1/(2π), साधारण ०.१६ मीटर प्रति मिनिट.

पडताळणीला डेफिनिट इंटिग्रल घे. h च्या लिमिट्स ० ते ४, कारण आपण h वर इंटिग्रेट करतोय, वेळेवर नाही:

∫₀⁴ (πh²/4) dh = 16π/3

हे झालं घनमीटर पाणी, भागिले २ म्हणजे सुमारे ८.४ मिनिटं. सरासरी वेग ०.४८ च्या आसपास येतो, आणि शंकू वर रुंद होत जातो म्हणून शेवटचा वेग त्याहून कमीच हवा, तसा आलाय. तुझं उत्तर सरासरीपेक्षा जास्त आलं असतं तर लगेच मागे जाऊन r = h/2 ची ओळ तपास.