पुऱ्या का फुगत नाहीत?

प्रश्न: घाण्यातल्या अर्ध्या पुऱ्या फुगतात, अर्ध्या चपट्याच राहून जातात. कणिक सैल होते का लाटण्यात चूक?

उत्तर: अर्ध्या फुगून राहिल्या म्हणजे कणिक बरीचशी ठीक आहे, चूक लाटण्यात आहे, पुरी सगळीकडून सारखी जाड नाही. गावात पंगतीच्या पुऱ्या लाटायला बसते त्यामुळे हे रोजचं पाहण्यातलं आहे. गरम तेलात पुरीचे दोन्ही पापुद्रे आधी आवळतात अन् मधल्या ओलाव्याची वाफ त्यांना वेगळं करते, पण एखादी जागा पातळ राहिली तर ती लगेच आरपार कडक होते, तिथं पापुद्रे सुटतच नाहीत. म्हणून एका बाजूला टम्म अन् दुसरीकडे चपटी अशी पुरी निघाली की समजायचं बेलणं एकाच बाजूला दाबलं गेलं. मधून कडेकडे हलक्या हातानं लाटा, पुरी फिरवत राहा, कडा पातळ नको. जाडी साधारण 2 मिलिमीटर, पोळीपेक्षा जाड. पूर्ण पातळ लाटली तर पापडीच होते.

कणिक मात्र घट्टच पाहिजे, 2 वाट्या कणकेला पाऊण वाटीच्या आसपास पाणी, तेही थोडं थोडं. उंडा लाटताना कोरडं पीठ लावावं लागलं तर ती सैल झाली, अन् कडा फाटत असतील तर जास्त घट्ट, मग ओला हात लावून परत मळा.

फक्त तेल कमी तापलेलं असेल तर नीट लाटलेली पुरीही फुगणार नाही, आधी कणकेचा तुकडा टाकून पाहा, लगेच वर आला पाहिजे.