थकबाकी, शिल्लक की 'राहतात'? केटररच्या आठवणीच्या मेसेजची भाषा

'आमचा घरगुती केटरिंगचा व्यवसाय आहे. कार्याच्या आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर उरलेल्या पैशांची आठवण करावी लागते. "कृपया थकबाकी त्वरित भरावी" लिहिलं की लोक दुखावतात, "जमेल तसं बघा" लिहिलं की पैसे येतच नाहीत. रक्कम आणि शेवटची तारीख स्पष्ट ठेवून हे सौम्यपणे कसं लिहायचं?'

आधी 'थकबाकी' काढून टाका. तो शब्द कडक आहे म्हणून नव्हे, तर इथे तो अर्थानेच चुकतो म्हणून. देण्याची मुदत उलटून गेली की मगच ते देणं थकतं. वीजबिल थकतं, घरपट्टी थकते, भाडं थकतं. कार्य अजून व्हायचंय आणि पैसे देण्याचा दिवसही उजाडलेला नाही, तर थकलंय काय? वाचणाऱ्याला नेमकं सांगता येत नाही, पण न केलेल्या चुकीचा ठपका आल्याचं त्याला जाणवतं. दुखावतात ते त्यामुळे.

'भरावी' हे क्रियापदही तपासून बघा. आपण फी भरतो, दंड भरतो, कर भरतो. म्हणजे खिडकीपलीकडच्या कार्यालयाला देतो ते 'भरणं'. घरच्या मुंजीचा स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आपण पैसे देतो किंवा पाठवतो. 'भरावी'च्या जागी 'पाठवावेत' आलं की निम्मा कोरडेपणा जातो.

बरेच जण थकबाकीऐवजी 'शिल्लक' लिहितात. हा शब्द सौम्य आहे, पण घोटाळ्याचा आहे. शिल्लक म्हणजे खर्च होऊन हातात उरलेलं. आमच्या घरच्या एका साखरपुड्याच्या वेळी केटररचा मेसेज आला होता, 'तुमची शिल्लक ३०,०००'. माझ्या भावाने त्याचा अर्थ लावला की आपण दिलेल्या पैशांतले तीस हजार उरलेत आणि ते परत मिळणार आहेत. दोन दिवस तो निवांत होता. मग फोन आला आणि दोन्हीकडे अवघडलेपण झालं. 'बाकी' अर्थाने अचूक आहे, मात्र 'तुमच्याकडे ५०,००० बाकी आहेत' या रचनेत 'तुमच्याकडे' हा शब्द बोट दाखवतो. 'उर्वरित रक्कम' पावतीवर शोभते, मेसेजमध्ये जरा परकी वाटते.

या सगळ्यांपेक्षा मला हिशेबाच्या वहीतलं जुनं वाक्य आवडतं: 'अ‍ॅडव्हान्स वजा जाता ५०,००० राहतात.' इथे कोणी काही ठेवून घेतलेलं नाही, कोणी चुकवलेलं नाही. वजाबाकी केली आणि आकडा राहिला. सौम्यपणा व्याकरणातूनच आला आणि आकड्याला धक्का लागला नाही.

मुख्य धागा हाच आहे. मऊपणा क्रियापदात आणि कारणात ठेवायचा, आकड्यात आणि तारखेत नाही. 'जमल्यास', 'सवडीने', 'शक्यतो' हे शब्द नेमके तारखेला चिकटतात आणि तिचं टोक बोथट करतात. 'शक्यतो १८ पर्यंत' म्हणजे १८ नंतरही चालेल, असंच कुणीही वाचेल. 'राहिलेलं तेवढं बघा' हे फोनवर गोड लागतं, कारण आवाज सोबत असतो. लिहिताना मात्र त्या 'तेवढं'मध्ये सगळी रक्कम गडप होते.

आता माझ्या मते सर्वांत कामाचा फरक, 'तर' आणि 'की' यांचा. 'पैसे पाठवलेत तर बरं होईल' यात दार उघडं आहे: पाठवाल किंवा नाही पाठवणार. 'पैसे आले की गुरुवारी किराणा भरता येईल' यात पैसे येणार हे गृहीतच आहे, प्रश्न फक्त त्यापुढच्या कामाचा आहे. 'की'मध्ये संशय नाही, म्हणून तो अधिक आदराचा आहे. पर्याय नाही, म्हणून अधिक पक्काही आहे. शिवाय तारखेचं कारण आपोआप सांगितलं जातं. तुमच्या हट्टाची असलेली तारीख मग वाणसामानाची होते.

तारीख लिहिताना वार, तारीख आणि वेळ तिन्ही द्या. 'येत्या बुधवारी' लिहू नका. हा मेसेज मुलाचे वडील पुढे पाठवतात त्यांच्या भावाला, तो वाचतो दोन दिवसांनी, तोवर 'येता' बुधवार सरकलेला असतो. '१८ तारखेच्या आत' यावर तर घराघरांत दोन मतं असतात: काहींना १८ चालते, काहींना १७ शेवटची वाटते. '१८ तारखेपर्यंत' बरं, आणि त्यापुढे संध्याकाळची वेळ आली की तो दिवस धरायचा की नाही, ही शंकाच उरत नाही.

समजा मुंज रविवारी, २२ फेब्रुवारीला आहे, २५० पानं ठरली आहेत, एका पानाचा दर ४२० रुपये आहे आणि ५५,००० आधी मिळाले आहेत. मी असं लिहीन:

'नमस्कार काका. रविवार, २२ फेब्रुवारीच्या मुंजीची तयारी सुरू केली आहे. ठरलेल्या २५० पानांचे, ४२० रुपये दराने, एकूण १,०५,००० रुपये होतात. तुमचे ५५,००० पोचले आहेत. ते वजा जाता ५०,००० रुपये राहतात. हे ५०,००० बुधवार, १८ फेब्रुवारीला संध्याकाळी ६ पर्यंत पाठवावेत, ही विनंती. ते आले की गुरुवारी सकाळी किराणा भरता येईल. पानं वाढली तर वाढीव पानांचा हिशेब कार्य झाल्यावर करू.'

यात 'पोचले आहेत' हे राहिलेल्या आकड्याच्या आधी येतं, ते मुद्दाम. दिलेल्याची पोच आधी मिळाली की राहिलेलं ऐकणं जड जात नाही. 'ही विनंती' शेवटी असल्यामुळे सुरुवातीला 'कृपया' नको. कृपया म्हणजेच कृपेने. एका वाक्यात दोनदा वाकलं की ते सरकारी परिपत्रक वाटतं. शेवटचं वाक्य गाळू नका. पानांचा आकडा अजून बदलेल, मग पैसे आत्ताच कसे द्यायचे, ही टाळाटाळीची सर्वांत सोयीची सबब असते, आणि ती इथेच मिटते. एकट्या त्या वाक्यात 'तर' योग्य आहे, कारण पानं वाढतील की नाही हे खरंच ठाऊक नाही. जीएसटी वेगळा लावत असाल तर तो एकूण आकड्यातच धरा आणि धरल्याचं लिहा. मागाहून आलेला आकडा कितीही गोड भाषेत आला तरी कडूच लागतो.

आणि १८ तारीख उलटली तर? आता 'थकबाकी' अर्थाने बसेल, पण कार्य तीन दिवसांवर असताना मी तो शब्द तरीही काढणार नाही. मराठीत 'राहून जाणं' आहे. 'काका, कालचे ५०,००० पाठवायचे राहून गेलेले दिसतात. आज, गुरुवार, १९ फेब्रुवारीला दुपारी १२ पर्यंत पाठवावेत, म्हणजे संध्याकाळी किराणा आणता येईल.' 'राहिले' आणि 'राहून गेले' यांत फरक एवढाच की दुसऱ्यात विसरल्याची सवलत आहे. रक्कम तीच आहे आणि नवी वेळ आधीपेक्षा जवळची आहे.